जर्मन लायसन्सच्या फोटोत CE दिसलं म्हणून तो मोठा ट्रेलर चालवू शकतो असं धरू नका

प्रश्न: ड्रायव्हरच्या जागेसाठी एकाने जर्मन लायसन्सचा फोटो पाठवलाय, पुढून-मागून. मागे A, B, C1, BE, CE जवळपास सगळ्यांसमोर तारखा आहेत आणि शेवटच्या कॉलममध्ये 79.03, 171, 01.06 असले आकडे. जर्मन येत नाही. मोठा ट्रेलर द्यायचाय, युरोपात दोन-तीन देशांत फिरेल. देता येईल का?

उत्तर:

नाही देता येणार. तुमच्या फोटोतल्या मागच्या बाजूच्या ज्या ओळी वाचता येतायत त्यावरून हा माणूस ७५०० किलोपर्यंतचा ट्रक नक्की चालवू शकतो, त्याला ट्रेलर जोडूनही चालवू शकतो, पण ज्याला आपण मोठा ट्रेलर म्हणतो, म्हणजे पुढे हॉर्स आणि मागे लांबलचक सेमी-ट्रेलर, तो या लायसन्सवर बसत नाही. आणि मोटारसायकल तर अजिबातच नाही, A समोर तारीख असली तरी. का ते नीट सांगतो, कारण अशी कार्डं पुढेही येतील तुमच्याकडे आणि दर वेळी इथेच घोळ होतो.

भाषेचं टेन्शन आधी काढून टाका. युरोपियन युनियनच्या सगळ्या देशांत लायसन्सचा साचा एकच आहे, त्यामुळे जर्मन असो, पोलिश असो की पोर्तुगीज, वाचायचे ते आकडेच. पुढच्या बाजूला 1 आडनाव, 2 नाव, 3 जन्मतारीख आणि ठिकाण, 4a कार्ड कधी दिलं, 4b कार्ड कधी संपतं, 4c कोणी दिलं, 5 लायसन्स नंबर. मागे चार कॉलमचा तक्ता. 9 म्हणजे कॅटेगरी, 10 म्हणजे ती कॅटेगरी पहिल्यांदा कधी मिळाली, 11 म्हणजे ती कधी संपते, आणि 12 म्हणजे कोड. हे आकडे कळले की भाषा येत नाही म्हणून काही अडत नाही, मी वीसेक भाषांतली कार्डं वाचलीयत आणि त्यातल्या बऱ्याच भाषांत मला "नमस्कार" पण म्हणता येत नाही.

आता तुमच्या फोटोतल्या ओळी मी जशा वाचल्या तशा खाली देतो, तारखा बदलल्यात कारण माणूस खरा आहे. अर्थाला धक्का लागलेला नाही. रिकाम्या कॅटेगरीसमोर मी डॅश घातलाय, D म्हणजे बसच्या ओळी गाळल्यात, त्या सगळ्या रिकाम्याच आहेत.

```
4a 14.03.23     4b 13.03.38

9     10         11         12
AM    12.06.87
A1    12.06.87              79.03, 79.04
A2    -
A     12.06.87              79.03, 79.04
B     12.06.87
C1    12.06.87              171
C     -
BE    12.06.87              79.06
C1E   12.06.87
CE    12.06.87   13.03.28   79(C1E>12000kg,L≤3)
L     12.06.87              174, 175
12.   01.06
```

सगळ्यात आधी CE ची ओळ बघा आणि मग तिच्या वर C ची बघा. C, म्हणजे मोठ्या ट्रकची कॅटेगरी, रिकामी आहे. इथेच थांबायला हवं होतं. युरोपच्या नियमात नावात E असलेली, म्हणजे ट्रेलरची, कॅटेगरी मिळते ती मूळ कॅटेगरी असलेल्यालाच, म्हणजे पूर्ण CE हवी तर आधी C पाहिजे. C नाही आणि CE आहे, असं दिसलं की समजायचं ही CE पूर्ण नाही, कुठूनतरी जुन्या हक्कातून आलेली अर्धी CE आहे, आणि ती किती अर्धी आहे ते कॉलम 12 मध्ये लिहिलेलं असणार. मी स्वतः कुठलंही कार्ड हातात आलं की कोड वाचायच्या आधी ही जोडी बघतो, C आणि CE, D आणि DE. कोड पुसट असला, फोटो कापलेला असला, तरी ही जोडी खोटं बोलत नाही.

हा जुना हक्क कुठून आला? जर्मनीत १९९९ च्या आधी वेगळे वर्ग होते, कारवाल्याला मिळायचा तो वर्ग ३. आणि त्या वर्ग ३ मध्ये कारसोबत ७.५ टनी ट्रक पण यायचा, ट्रेलरसकट. मग १९९९ ला युरोपची अक्षरी पद्धत आली, पण ज्याला जे चालवायची मुभा होती ती काढून घेता येईना, म्हणून जुन्या कार्डावरून नवं कार्ड करताना तो एक वर्ग आठ-नऊ अक्षरांत वाटला जातो. आपल्या माणसाने १९८७ ला एकच परीक्षा दिलीय, कारची. म्हणूनच सगळ्या ओळींना एकच तारीख आहे. हा पण एक इशारा समजा, खरोखर टप्प्याटप्प्याने ट्रकची परीक्षा दिलेल्या माणसाच्या कार्डावर B ची तारीख वेगळी, C ची वेगळी, CE ची वेगळी असते बहुतेक वेळा.

आता कोड. 79(C1E>12000kg,L≤3) याचा अर्थ असा की ओढणारी गाडी C1 मधलीच हवी, म्हणजे कमाल ७५०० किलोची. ट्रेलर धरून एकूण वजन १२००० किलोच्या वर गेलं तरी चालेल, पण सगळ्या गाडीला मिळून एक्सल तीनपेक्षा जास्त नकोत. L म्हणजे इथे एक्सलची संख्या. नुसत्या C1E वर १२००० किलोची मर्यादा असते, ती या कोडने थोडी सैल होते, बास, एवढंच याचं काम. बिगर-नोंदणीच्या काही ट्रेलरना वेगळी सवलत आहे, तुमच्या कामाशी तिचा संबंध नाही. संबंध आहे तो याच्याशी की जर्मन नियमात स्पष्ट म्हटलंय, सेमी-ट्रेलर जोडलेली गाडी ७५०० किलोच्या वर असेल तर हा कोड तिला लागूच होत नाही. तुमच्याकडची गाडी पाच एक्सलची ४० टनी, तीन एक्सलमध्येही नाही आणि सेमी-ट्रेलरही आहे, म्हणजे दोन्हीकडून बाहेर.

आणि त्या L बद्दल सावध करतो, कारण याच कार्डावर खाली L नावाची कॅटेगरी पण आहे. ती शेतीच्या ट्रॅक्टरची. एकदा मी एका कार्डाचं टिपण बनवताना ब्रॅकेटमधला L≤3 हा ट्रॅक्टरबद्दलचा काहीतरी नियम समजून सोडून दिला होता, आणि समोरच्याने CE वाचून माणूस रुजू करून घेतला, गाडी निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या इन्शुरन्सवाल्याने पकडलं. नुकसान झालं नाही पण होऊ शकलं असतं, एका अपघातात क्लेम गेला असता. तेव्हापासून ब्रॅकेट दिसला की आतलं एकेक चिन्ह उतरवून काढतो, > कुठल्या बाजूला आहे ते सुद्धा.

A कडे वळू. A समोर तारीख बघून लोक म्हणतात वा, मोठी बाइक पण चालवतो. इथे 79.03 म्हणजे फक्त तीनचाकी आणि 79.04 म्हणजे तीनचाकीला ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर लावून. संपलं. १९ जानेवारी २०१३ ला नवीन नियम लागू झाला तेव्हा तीनचाकी मोटारगाड्या A च्या खात्यात टाकल्या, पण जुन्या कारवाल्यांना त्या आधीपासून चालवता येत होत्या, म्हणून त्यांना A ची ओळ मिळाली आणि शेजारी हा कोड लावून दोनचाकी काढून घेतली. जर्मनीतल्या जुन्या कारवाल्यांपैकी ज्यांनी २०१३ नंतर कार्ड बदललंय अशा भरपूर लोकांच्या कार्डावर हे दिसेल. बाइकचा आणि त्यांचा काही संबंध नसतो.

BE समोरचा 79.06 मात्र उलटा आहे, आणि हे मुद्दाम सांगतो. लोक 79 दिसलं की "मर्यादा" असं लिहून मोकळे होतात. 79.06 हा वाढवणारा कोड आहे. आता नव्याने BE काढणाऱ्याला ट्रेलर ३५०० किलोपर्यंतचाच ओढता येतो, 79.06 वाल्याला त्याच्या वरचा पण चालतो. म्हणजे एकाच 79 खाली एक पोटनंबर काढून घेतो आणि दुसरा देतो. त्यामुळे पॉइंटनंतरचे दोन आकडे स्पष्ट दिसत नसतील तर अंदाज करायचा नाही, फोटो परत मागवायचा.

171, 174, 175 हे तीन-आकडी कोड, म्हणजे 100 आणि त्यावरचे, ज्या देशाने कार्ड दिलं त्याच देशात चालतात, बाहेर नाही. 99 पर्यंतचे कोड सगळ्या युरोपियन युनियनमध्ये सारखेच वाचतात. 171 म्हणजे C1 वर ७५०० किलोपर्यंतची बस रिकामी, प्रवासी न घेता चालवता येते, वर्कशॉपला नेणं-आणणं वगैरे. 174, 175 ट्रॅक्टर आणि सावकाश चालणाऱ्या यंत्रांबद्दल आहेत, आणि L ही कॅटेगरीच मुळात जर्मनीची घरगुती आहे. तुमची गाडी सीमा ओलांडणार असेल तर हे सगळं नसल्यासारखं धरा. असाच अजून एक कोड भेटेल तुम्हाला कधीतरी, B समोर 196. त्यावर जर्मनीत १२५ सीसीची बाइक चालवता येते आणि सीमेपलीकडे त्याच बाइकवर तोच माणूस विनालायसन्स होतो.

राहिला 01.06. तो कुठे छापलाय बघा, तक्त्याच्या सगळ्यात खाली, कुठल्याच कॅटेगरीच्या ओळीत नाही. तिथे असलेला कोड सगळ्या कॅटेगऱ्यांना लागू. फोटो क्रॉप करताना लोक नेमकी हीच खालची पट्टी उडवतात. आणि दुसरी गंमत नाही, खरोखर धोका आहे, 01.06 हे तारखेसारखं दिसतं. १ जून. मी अशी भाषांतरं पाहिलीयत ज्यात "१ जूनपर्यंत वैध" असं लिहिलेलं होतं! कॉलम 12 मध्ये 01 ने सुरू होणारं काहीही असलं की ते नजरेबद्दल असतं. 01.01 चष्मा, 01.02 कॉन्टॅक्ट लेन्स, 01.06 चष्मा किंवा लेन्स यातलं काहीतरी घालूनच चालवायचं. फोटोत माणसाच्या डोळ्यावर चष्मा नाही म्हणून कोड चुकीचा असंही म्हणू नका, लेन्स असतील. तशीच गोष्ट 78 ची, तो फक्त ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीसाठी. तुमच्या माणसाच्या कार्डावर तो नाहीये, पण कार्डं चाळताना तो आणि 79 हे शेजारी-शेजारी असल्याने पुसट फोटोत अदलाबदल होते.

तारखांमध्ये एक अजून बघा. 4b वर 13.03.38 आहे आणि CE च्या कॉलम 11 मध्ये 13.03.28. एका आकड्याचा फरक, आणि तुमच्या फोटोत नेमकं तिथे ट्यूबलाइटचं चमकलंय. मी दोन्ही फोटो मोठे करून 2 आणि 3 ची मान बघून ठरवलं. 3 ची वरची आणि खालची दोन्ही पोटं उघडी असतात, 2 चं खाली सरळ बूड असतं. ३८ ही कार्डाची मुदत, प्लास्टिकची म्हणा, १५ वर्षं. ती संपली तर कार्ड बदलून घ्यायचं, कार चालवायचा हक्क जात नाही. २८ ही CE ची मुदत, ती संपली की हक्कच थांबतो. ही अर्धी CE जर्मनीत वयाच्या ५० पर्यंतच आपोआप राहते, पुढे मेडिकल देऊन ५-५ वर्षांनी वाढवावी लागते, आपल्या माणसाने वाढवून घेतलीय म्हणून तारीख आहे. C1 आणि C1E समोर कॉलम 11 रिकामा आहे त्याने गोंधळू नका, जुन्या वर्ग ३ वाल्यांना त्यात मुदत नाही. आता नव्याने C1 काढणाऱ्याच्या कार्डावर मात्र तिथे ५ वर्षांची तारीख असायलाच हवी, ती नसेल आणि कॉलम 10 ची तारीख अलीकडची असेल तर फोटोवर संशय घ्या.

ओळी सरकतात हेही लक्षात ठेवा. छापील क्रम AM, A1, A2, A, B1, B, C1, C, D1, D, मग BE, C1E, CE, D1E, DE असा असतो, म्हणजे BE ही B च्या खाली नसते, पार D संपल्यावर येते. तिरका काढलेला फोटो असला की BE चा 79.06 सहज C1E च्या ओळीत वाचला जातो. मी स्क्रीनवर कागदाची पट्टी आडवी धरतो आणि डावीकडच्या गाडीच्या छोट्या चित्रापासून कोडपर्यंत एकच ओळ उघडी ठेवून वाचतो. साधं आहे पण याच्याइतकं खात्रीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. फोटो परत मागवाल तेव्हा सांगा की कार्ड गडद, चमक नसलेल्या कागदावर सपाट ठेव, फ्लॅश बंद, मोबाइल बरोबर वरून धर, चारही कोपरे दिसले पाहिजेत.

आता या माणसाला ७.५ टनी ट्रकवर घ्यायचं म्हटलं तर? लायसन्स पुरतं, पण मालवाहतुकीच्या नोकरीसाठी C1 पासूनच व्यावसायिक ड्रायव्हरची पात्रता लागते, दर ५ वर्षांनी ३५ तासांचं ट्रेनिंग. आधी ती लायसन्सवर कॉलम 12 मध्ये 95 आणि पुढे तारीख अशी छापायचे. या कार्डावर 95 नाही. पण त्यावरून लगेच नाही म्हणू नका, कारण जर्मनीत २३ मे २०२१ पासून त्यासाठी वेगळं कार्ड देतात, आणि हे लायसन्स २०२३ चं आहे. त्या दुसऱ्या कार्डाचा फोटो मागा, नाव असं आहे ते त्याला जसंच्या तसं पाठवा:

```
Fahrerqualifizierungsnachweis
```

त्याच्या मागेही असाच तक्ता असतो, तिथे C1 आणि C1E समोर 95 आहे का आणि तारीख शिल्लक आहे का तेवढं बघा. ते कार्ड नसेल तर तो खाजगी कामाला ७.५ टनी चालवू शकतो, तुमच्या पगारी कामाला नाही.

गाडीच्या बाजूनेही एक तपासणी करा. लायसन्सवरची ३५००, ७५०० ही वजनं म्हणजे आज किती माल भरलाय ते नव्हे, गाडीच्या नोंदणीच्या कागदावर F.2 समोर जे कमाल वजन लिहिलंय ते. ट्रक रिकामा असला आणि F.2 समोर ११९९० असेल तरी तो C चाच ट्रक, आणि C या माणसाकडे नाही. त्याच कागदावर L समोर एक्सलची संख्या असते, ट्रेलर जोडायचा असेल तर दोन्ही कागदांवरचे L मिळवा.

आणि फोटोची हद्द ओळखा. फोटो सांगतो तो काढला त्या दिवशी कार्डावर काय छापलं होतं, आज ते कार्ड त्याच्या खिशात आहे की नाही हे नाही. जर्मनीत काही महिन्यांची ड्रायव्हिंग-बंदी लागली की कार्ड सरकारजमा होतं आणि बंदी संपल्यावर परत मिळतं, मोबाइलमधला फोटो मात्र तसाच राहतो. त्यामुळे चावी द्यायच्या आधी मूळ कार्ड हातात घेऊन, तेच आकडे, तोच नंबर 5, एकदा जुळवून बघा.

तुमच्या मॅनेजरला पाठवायला फाइलमध्ये मी असं लिहीन, हवं तर उचला: "B आणि C1, C1E वैध, ७५०० किलोपर्यंतचा ट्रक, ट्रेलरसह एकूण १२००० किलोपर्यंत. CE मर्यादित, १२००० किलोच्या वर पण तीन एक्सलपर्यंतच आणि ओढणारी गाडी C1 ची, जड सेमी-ट्रेलर नाही, १३ मार्च २०२८ पर्यंत. C नाही, D नाही. A1 आणि A फक्त तीनचाकीसाठी, मोटारसायकल नाही. चष्मा किंवा लेन्स आवश्यक. 171, 174, 175 आणि L फक्त जर्मनीत. व्यावसायिक पात्रतेचं कार्ड पाहिलेलं नाही, मागवलं आहे. मूळ कार्ड पाहिलेलं नाही."